बांधावरचा ट्रक

धनाजीचे गुडघे धड होते, पाठ ताठ होती, वय जेमतेम पस्तीस. तरी म्हाळसाबाई ऑफिसात शिरली तेव्हा तो खुर्चीतून उठला नाही. तेवढंच असतं तर तिनं गिळलं असतं. पण त्यानं मोबाईलवरची नजरसुद्धा काढली नाही, हातातल्या पेननं समोरचा बाक दाखवला आणि म्हणाला, "बसा मामी. बघतो तुमचं." गाईला दावणीला बांधायला सांगावं तसं.

हा कोण, तर तिच्या नणंदेचा पोरगा. बारावीला आणि कॉलेजला मंद्रूपात तिच्याच घरी राहिलेला, तिच्याच हातच्या भाकरी मोडून मिशा फुटलेला. ह्या पशुखाद्याच्या कंपनीत चिकटला तोही तिच्याच शब्दावर. मंद्रूपच्या आजूबाजूच्या गावांत शेळी-मेंढीची नि दुभत्या जनावरांची पेंड खपवावी ती म्हाळसाबाईनंच. मागच्या मॅनेजरला ती एकदाच म्हणाली होती, "आमचं एक पोरगं हाय, हिशेबाला चलाख हाय, बघा." आता मागचा मॅनेजर गेला, आणि चलाख पोरगा सोलापूर ऑफिसचा इन्चार्ज होऊन पंख्याखाली बसला होता.

बाकावर आणखी दोन एजंट होते. दोघांनी सरकून जागा दिली. म्हाळसाबाई बसली नाही. उभीच राहिली, पदर कमरेला खोचून.

शेवटी धनाजीनं एक कागद तिच्याकडं सरकवला. "मागच्या तिमाहीचं कमिशन. हितं सही करा. आणि ही नव्या वर्षाची एजन्सी. आधी जुना हिशेब मान्य, मग एजन्सी पुढं चालू. महिनाअखेरीपर्यंत झालं पायजे, न्हायतर पुण्याच्या हेड ऑफिसला मंद्रूपची जागा रिकामी दिसंल."

म्हाळसाबाई दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षर लावत लावत वाचायची, पण आकडे तिला एका नजरेत दिसायचे. चौदाशे चाळीस पोती. कमिशन एकोणचाळीस हजार सहाशे.

"धनाजी, एक इचारू का रं?"

"इचारा की."

"तुझ्या पोराच्या जावळाला मोडनिंबला आलो होतो तवा तुझा सासरा, जोतीराम पाव्हणा, सांगत होता. चौदाशे वीस पोती खपली म्हणं त्याच्या एजन्सीत. कमिशन त्रेचाळीस हजार नऊशे. मिशीवर हात फिरवून सांगत होता. आता माझी पोती त्याच्यापरीस वीस जास्त, आणि पैसं चार हजारांनी कमी. हे कसं काय?"

धनाजीनं पहिल्यांदा मान वर केली. चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, पाण्यात मासा वळावा तसं, आणि लगेच हसू आलं.

"मामी, ते स्लॅबचं हाय. मोडनिंबचं स्लॅब वेगळं. ते तुमच्या डोक्यात शिरायचं न्हाय. तुमी पोती खपवा, हिशेब आमी करतो. हाणा सही."

बाकावरचा एकजण फिसकन हसला. हसून लगेच खोकला, पण हसला ते हसलाच.

म्हाळसाबाईनं कागदाची घडी घातली. एक, दोन, तीन. घडी चोळीत खोचली आणि म्हणाली, "सही घरी करून आणते. हात थरथरायलाय." तिचा हात काही थरथरत नव्हता.

एजन्सी म्हणजे तिच्यासाठी नुसतं कमिशन नव्हतं. मंद्रूपच्या बाजारपेठेत दुकानावर पाटी होती, "म्हाळसाबाई ज्ञानबा" अशी. बायकांच्या नावाच्या पाट्या गावात असतात, पण त्यांच्या मागं नवरे बसलेले असतात. हिच्या मागं कोणी बसलेलं नव्हतं. ज्ञानबा मेंढरं घेऊन रानात, आणि ही गल्ल्यावर. सही केली तर एजन्सी राहणार आणि फसवणूकही राहणार. सही नाही केली तर पाटी उतरणार. आणि ती पाटी उतरवून धनाजी कुणाची चढवणार, हे सांगायला कुडमुड्या जोशी नको होता. जोतीरामचा पुतण्या मंद्रूपला दुकान बघून गेल्याचं तिच्या कानावर आलंच होतं.

सुनेकडं जायचं तिच्या जिवावर यायचं. थोरला पोरगा शिवराज आणि त्याची बायको वैजयंती सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागात फ्लॅटमध्ये राहायचे. फ्लॅटात शिरलं की चपला बाहेर, पिशवी बाहेर, आवाजही जरा बाहेरच ठेवावा लागायचा. वैजयंती एका सीएच्या ऑफिसात कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, हे काम सासूला पहिल्यापासून संशयास्पद वाटायचं. "चुका शोधायला पगार कशाला लागतो? आमी फुकट शोधतो की," असं ती एकदा तोंडावर म्हणाली होती. सुनेनं ते विसरायचं ठरवलं होतं आणि विसरली नव्हती.

पण त्या दिवशी म्हाळसाबाईनं रिक्षातून उतरून थेट टेबलावर कागद टाकला.

"हे बघ गं. ह्यात मेलेलं उंदीर हाय. वास येतोय, दिसत न्हाय."

वैजयंतीनं चहाचं आधण बंद केलं. कागद वाचला, मग करारनामा मागितला. तो म्हाळसाबाईच्या पिशवीत होताच. ती लढाईला निघाली होती, हत्यारं घेऊनच निघाली होती.

"आई, करारात तिमाहीचे तीन टप्पे आहेत, स्लॅब म्हणजे तेच. पहिल्या पाचशे पोत्यांना पोत्यामागं वीस रुपये. पाचशे एक ते हजार, तीस रुपये. हजाराच्या वर पंचेचाळीस. आणि हे बघा, सगळ्या जिल्ह्याला एकच. मोडनिंब वेगळं असं कुठं लिहिलेलं नाही."

"म्हणजे पहिलं खोटं सापडलं. पुढं?"

"पुढं गुणाकार. पाचशे गुणिले वीस, दहा हजार. पुढचे पाचशे गुणिले तीस, पंधरा हजार. उरले चारशे चाळीस, त्यांना पंचेचाळीस, एकोणीस हजार आठशे. बेरीज चव्वेचाळीस हजार आठशे. तुम्हाला दिलेत एकोणचाळीस हजार सहाशे."

"बावन्नशे कमी."

वैजयंतीनं कॅल्क्युलेटर उचलला होता तो खाली ठेवला. "हो. बावन्नशे."

"गेलं कुटं?"

ते शोधायला थोडा वेळ लागला. कागदावर सहा ट्रकांची सहा बिलं होती, प्रत्येकी दोनशे चाळीस पोत्यांचं. वैजयंतीनं प्रत्येक बिलापुढं पेन्सिलनं लिहिलं, हा ट्रक यायच्या आधी एकूण पोती किती झाली होती. शून्य. दोनशे चाळीस. चारशे ऐंशी. तिसऱ्या ट्रकापाशी ती थांबली.

"इथं आहे. आई, तिसरा ट्रक आला तेव्हा तुमची चारशे ऐंशी पोती झाली होती. म्हणजे पाचशेला वीसच कमी. त्या ट्रकातली पहिली वीस पोती वीसच्या दरानं, बरोबर. उरलेली दोनशे वीस तीसच्या दरानं जायला हवी होती. त्यांनी सगळा ट्रकच वीसनं धरलाय. पाचव्या ट्रकाचं तसंच. आधी नऊशे साठ झाली होती, म्हणजे चाळीस पोती तीसनं, आणि उरलेली दोनशे पोती पंचेचाळीसच्या दरानं हवीत. तिथं सगळा ट्रक तीसनं. कंपनीचं एक्सेल शीट काय करतं, बिल सुरू होताना आपण कुठल्या टप्प्यात होतो ते बघतं आणि अख्ख्या बिलाला तोच दर लावतं. टप्पा बिलाच्या मधोमध बदलला तर त्याला कळत नाही."

म्हाळसाबाईनं टेबलावरच्या काचेवर बोटानं एक रेघ ओढली.

"म्हणजे ट्रक बांधावर उभा. दोन चाकं खालच्या रानात, बाकी वरच्या रानात. आणि हा तलाठी म्हणतोय सगळा ट्रक खालच्याच रानात."

"अगदी तसंच."

"आणि ट्रक जितका मोठा, तितकं नुकसान जास्त."

"हो. छोटी बिलं असतील तर बांधावर थोडीच पोती अडकतात. तुमचीच बिलं एवढी मोठी का असतात?"

ते म्हाळसाबाईला चांगलं ठाऊक होतं. छोटे एजंट टेम्पोनं माल उचलायचे, पन्नास-साठ पोती. तिच्या दारात मात्र अख्खा ट्रक लागायचा, एकाच बिलाचा, आणि बाजारपेठ बघायची. एकदा अर्धी पोती वाडीवर उतरवायची होती, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला होता की दोन बिलं करून घ्या, सोपं पडंल. तिनं त्याला झापलं होतं. आणि धनाजी फोनवर म्हणाला होता, "बराबर हाय मामी. तुमच्या नावाला अख्खा ट्रक, एकच बिल. बिलाचं तुकडं बारक्या एजंटांचं." तो शब्द तिनं किती दिवस जिभेवर घोळवला होता, गुळाच्या खड्यासारखा! आता तोच खडा दाताखाली आला.

"किती दिवसांचं हाय हे?" तिनं विचारलं.

टप्प्यांची पद्धत आली त्याला सात तिमाह्या झाल्या होत्या. म्हाळसाबाईनं तिमाहीला सहा ट्रकांत एक कमी येऊ दिला नव्हता. वैजयंतीनं जुने कागद मागवले. शिवराज मंद्रूपहून गठ्ठा घेऊन आला. सातही वेळा तेच. छत्तीस हजार चारशे.

"कंपनीला मेल करू," वैजयंती म्हणाली. "शीटमधली चूक आहे. होतं असं. पैसे देतील."

"चूक!" म्हाळसाबाईनं असं म्हटलं, की शेजारच्या फ्लॅटात ऐकू गेलं असणार. "चूक असंल तर आंधळी असंल की. आंधळी चूक सगळ्यांना धडकती. मग सासऱ्याला का धडकली न्हाय? चौदाशे वीस पोत्यांचं काढ बरं, चुकीशिवाय किती होतं?"

वैजयंतीनं काढलं. दहा हजार, पंधरा हजार, आणि चारशे वीस पोत्यांचे अठरा हजार नऊशे. त्रेचाळीस हजार नऊशे. जोतीरामनं मिशीवर हात फिरवून सांगितलेला आकडा, रुपयाला रुपया.

आठ वर्षांत पहिल्यांदाच सासू-सुनेला एकाच वेळी एकच वाटत होतं.

"आई, आणखी एक आहे," वैजयंती जरा चाचरत म्हणाली. "हे तुमच्या फायद्याचं आहे. तिसऱ्या तिमाहीत तुम्ही चाळीस पोती परत केली होती."

"भिजलेली होती. बुरशी आलेली. मेंढरांना घालू व्हय?"

"परत गेलेली पोती वरच्या टप्प्यातून वजा व्हायला हवीत, पंचेचाळीसच्या दरानं. अठराशे. त्यांनी वीसच्या दरानं आठशेच कापलेत. हजार रुपये तुम्हाला जास्त आलेत. आपण तक्रारीत हे लिहिलं नाही तरी..."

"लिहायचं. पयलं त्येच लिहायचं."

"तुमचे हजार जातील."

"जाऊ देत. त्या हजाराचं दावं त्याच्या हातात ठेवू व्हय मी? ऐन वक्ताला म्हणंल, मामीनं पण खाल्लंय. मला त्याची मान पायजे. माझी पयली धुऊन घेते, मग त्याची धरते."

तक्रार पुण्याला गेली. वैजयंतीनं लिहिली, म्हाळसाबाईनं प्रत्येक ओळ वाचून घेतली आणि एक ओळ स्वतः घालायला लावली: "हे जाणूनबुजून केले आहे, असे माझे म्हणणे आहे." वैजयंती म्हणाली, त्याचा पुरावा नाही. म्हाळसाबाई म्हणाली, असंल, तू ओळ घाल.

त्यानंतर चारच दिवसांत धनाजी मंद्रूपला आला. हातात पेढ्यांचा पुडा. उंबऱ्यातच वाकला आणि पाय धरले. तिनं पाय मागं घेतले नाहीत, धरू दिले. भाकरी वाढली, शेंगाचटणी वाढली, वर तेल घातलं. जेवणाऱ्याला ती अर्ध्यात बोलत नसे.

हात धुतल्यावर तो म्हणाला, "मामी, पुण्याला कशाला गेलासा? मला सांगायचं हुतं. ह्या तिमाहीचं बावन्नशे मी माझ्या खिशातनं देतो. आत्ता देतो."

"बावन्नशे व्हय? मी आकडा सांगितला न्हवता तुला."

तो आवाज खाली उतरवून म्हणाला, "तक्रार पुण्यातनं माझ्याकडं आली की. त्यात हाय. आणि मामी, त्या भिजलेल्या पोत्यांचं तुमच्याकडं जास्त गेलंय. ते उगाच निघंल. बदनामी तुमचीच."

"ते मी लिवलंय बाबा तक्रारीत. पयल्याच ओळीत. तू वाचलास न्हवं?"

पेढ्यांचा पुडा तिनं त्याच्या हातात परत दिला. "घिऊन जा. सासरवाडीला उपयोगी पडंल."

ऑडिटर आले ते बसवराज साहेब. मूळचे अक्कलकोटकडचे, आता पुण्यात. केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला. म्हाळसाबाई वैजयंतीला घेऊन ऑफिसात शिरली तेव्हा त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. "बसा अव्वा. तुमचीच वाट बघत होतो." घरात कानडी बोलणाऱ्या, आईला अव्वा म्हणणाऱ्या माणसाचं मराठी, प्रत्येक शब्द नीट मोजून ठेवलेला.

धनाजी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. आज शर्ट इस्त्रीचा होता.

म्हाळसाबाईनं सुरुवात स्वतःच्या हजारापासून केली. "साहेब, माझ्याकडं हजार जास्त आलेत. आधी ते कापा. मग माझं बोला." बसवराज साहेबांनी चष्म्यावरून बघितलं, आकडा तपासला आणि टिपून घेतला. मग वैजयंतीनं ट्रकाचे कागद मांडले. साहेबांनी लॅपटॉपवर कंपनीचं शीट उघडलं, एका चौकटीवर बोट ठेवलं आणि स्वतःशीच म्हणाले, "हम्म. बिलाच्या आधीचा आकडा बघतोय. बिल तोडतच नाही." पुढची पंधरा मिनिटं ते एकेक बिल तपासत होते. मग म्हणाले, "बरोबर आहे. टीडीएसच्या आधी छत्तीस हजार चारशे देणं, हजार वजा. पस्तीस हजार चारशे. हे मिळणार अव्वा. शीट पुण्यातूनच चुकीचं आलं. सगळ्या एजंटांचं काढावं लागेल आता."

धनाजीनं श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला.

"सर, मी तेच सांगत होतो. शीट वरून आलंय. मी नुसते आकडे भरतो. मला हे माहीतच नव्हतं. माहीत असतं तर सख्ख्या मामीचं होऊ दिलं असतं का?"

साहेबांनी मान हलवली. त्यांचं पेन तक्रारीच्या त्या शेवटच्या ओळीवर गेलं, 'जाणूनबुजून' वाल्या. "अव्वा, हे म्हणणं ठेवायचं का? चूक यंत्राची दिसते. पैसे मिळतायत. ही ओळ काढली तर आजच फाईल बंद."

म्हाळसाबाईला दिसलं, धनाजी सुटत होता. गाळातून म्हैस अलगद पाय काढते तसा. पैसे येणार, एजन्सी राहणार आणि धनाजीही राहणार, त्याच पंख्याखाली, पुढचा बांध शोधत.

"साहेब, मोडनिंबची बिलं काढा."

"कशाला सर?" धनाजी पटकन म्हणाला. "त्यांची तक्रार नाही."

"तक्रार न्हाय, त्येच तर कवतिक हाय," म्हाळसाबाई म्हणाली. "सगळ्या रानाला टोळधाड, आणि एकाच्याच रानात कणसं उभी. काढा साहेब."

बसवराज साहेबांनी काढली. वैजयंती शेजारी जाऊन उभी राहिली. पहिल्या तिमाहीत जोतीरामचं बिलही म्हाळसाबाईसारखंच होतं, ट्रकाला एक, आणि पैसेही तसेच कमी पडलेले. दुसऱ्या तिमाहीला साहेबांचं बोट थांबलं.

"हे वीस पोत्यांचं बिल कसलं?"

साहेबांनी दोन बिलं शेजारी शेजारी लावली.

"एकाच तारखेची दोन बिलं. एक वीस पोत्यांचं, एक दोनशे वीस. ट्रकचा नंबर एकच." साहेब पुढं गेले. "इथं चाळीस आणि दोनशे. पुन्हा एकच ट्रक." पुढची तिमाही. पुढची. "वीस पोत्यांपाशी पाचशे पुरे होतात. चाळीसपाशी हजार पुरे होतात. प्रत्येक वेळी बिल बरोबर टप्प्याच्या रेषेवर तोडलंय. म्हणजे शीट चुकत नाही. नवं बिल नव्या टप्प्यातच सुरू होतं."

"सर, ते... त्यांना माल दोन ठिकाणी उतरवायचा होता," धनाजी म्हणाला.

"प्रत्येक तिमाहीला? बरोबर पाचशेला आणि हजाराला?" साहेबांनी चष्मा काढला. "धनाजी, बिलं कोण बनवतो?"

"मी."

"रेषा कुठं आहे, हे तुम्हाला माहीत होतं. शीट तिथं चुकतं, हेही माहीत होतं. पहिल्या तिमाहीनंतर कळलं. आणि तुम्ही शीट दुरुस्त करायला पुण्याला कळवलं नाही. एका माणसाचं बिल तेवढं तोडत राहिलात."

पंखा फिरत होता. गोडाऊनमधून हमालांचा आवाज येत होता, पोतं पाठीवर घेताना काढतात तो. धनाजीचं तोंड उघडंच राहिलं. म्हाळसाबाईनं ते तोंड नीट बघून घेतलं. ह्यासाठी तिनं हजार रुपये मोजले होते, आणि तिला ते स्वस्त वाटले.

"अकरा एजंट आहेत ह्या ऑफिसाखाली," साहेब हळू म्हणाले. "दहांचं बुडालं. अव्वांचं सगळ्यात जास्त, कारण ट्रक अख्खा." मग त्यांनी कागद म्हाळसाबाईकडं वळवला. "तुमचं म्हणणं आता मी काढा म्हणणार नाही. पण ते तुमचं आहे. शीटचा दोष मी लिहिणारच, मोडनिंबची बिलंही लिहिणार. पण जाणूनबुजून केलं, अशी एजंटची लेखी तक्रार उभी असेल तर पुण्यात चौकशी बसते, माणूस त्या दिवसापासून घरी बसतो. तुम्ही मागं घेतली तर बहुतेक बदलीवर भागेल. काय करू?"

धनाजी टेबलाला वळसा घालून आला. आता मात्र गुडघे वाकले. "मामी, चुकलो. सासऱ्यानं लई टोचणी लावली हुती, एजन्सीत काय सुटत न्हाय म्हणायचा. फ्लॅटचा हप्ता हाय मामी. पोरगं बारकं हाय. तुमीच लावलासा हितं, तुमीच..." त्यानं तिच्या साडीचा काठ धरला. "माझी आयच तुमी."

वैजयंतीनं सासूच्या दंडाला हात लावला. "आई, पैसे मिळाले. एजन्सी राहिली. एवढ्यावर..."

म्हाळसाबाईनं सुनेचा हात बाजूला केला, हलकेच. आज तिच्यावर राग नव्हता. मग वाकून धनाजीच्या मुठीतून काठ सोडवला, एकेक बोट उलगडून, आणि पदर सारखा केला.

"साहेब, ओळ ऱ्हाऊ दे. सही कुटं करायची तेवढं दावा."

तिनं सही केली. अक्षरं वाकडी होती, पण सगळी होती. पेन खाली ठेवलं आणि खाली बसलेल्या भाच्याकडं बघितलं.

"ऐक धनाजी. चोरानं भिताड फोडून न्यावं, मी त्याला चार शिव्या घालीन आणि भिताड लिंपून घीन. तू भिताड फोडलं न्हाईस. तू मला गोड लावलंस. माझ्याच मानाला वेसण घालून मलाच हिंडवलंस, आणि मी शेपूट हालवत हिंडले, त्याची लाज माझी मला हाय. ती मी सोसीन. पण तुझी तू सोस. सासऱ्यासाठी तुझं डोकं चाललं, मामीसाठी न्हाय चाललं. बरं झालं, आता पोटाला बी त्याच्याच दारात जा. ह्या बाकीच्या नऊ एजंटांच्या घरी तू स्वतः जाशील, आणि कुणाचं किती बुडवलंस ते तुझ्या तोंडानं सांगशील. न्हाय गेलास तर मी जाईन, आणि माझं तोंड तुला ठावं हाय. तुझ्या आयला माझा निरोप दे, नणंद माझी नणंदच ऱ्हाईल, तिचं काय चुकलं न्हाय. पण तू माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाय. सणाला न्हाय, सुतकाला न्हाय. मी मेले तर चार खांदं कमी पडतील तवा गावातनं परका माणूस बोलवा म्हणावं, पण धनाजीचा खांदा नको. ऊठ आता."